‘कितवा?’ नव्हे, ‘आधी किती?’

संगणकाच्या तासाला यादी शिकवायला घेतली, की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. पाच मुलांचे गुण एका यादीत ठेवले, तर पहिल्या मुलाच्या गुणांना `gun[0]` म्हणायचं आणि पाचव्याच्या गुणांना `gun[4]`. असं का? बरीच पुस्तकं याचं उत्तर एका ओळीत देऊन मोकळी होतात : ‘संगणक शून्यापासून मोजतो.’ हे उत्तर आम्हीही पुष्कळदा दिलं आहे. पण ते चूक आहे, आणि मुलांच्या प्रोग्रॅममधल्या अनेक चुकांचं मूळ या उत्तरातच आहे, असं आता आम्हाला वाटतं.

साधी गोष्ट पाहा. पायथॉन भाषेत `len(gun)` लिहून यादीत किती गुण आहेत असं विचारलं, तर उत्तर `5` येतं. ४ येत नाही. म्हणजे मोजायची वेळ आली की संगणकही आपल्यासारखंच मोजतो. मग कंसातला शून्य काय सांगतो?

मराठीत आपल्याकडे ‘किती?’ आणि ‘कितवा?’ असे दोन वेगळे प्रश्न आहेत. रांगेत किती मुलं, याचं उत्तर पाच. शेवटचा मुलगा कितवा, याचं उत्तर पाचवा. कंसातला आकडा या दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. तो तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे : ‘याच्या आधी किती?’ पहिल्याच्या आधी कोणी नाही, म्हणून शून्य. पाचव्याच्या आधी चार जण, म्हणून चार. असा आकडा आपल्याला नवा नाही. मुलाला पाचवं वर्ष लागलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याची चार वर्षं पूर्ण झालेली असतात. पट्टीवरचा पहिला सेंटिमीटर शून्याच्या रेघेपासून सुरू होतो. ‘पाचवं’ हे चालू घराचं नाव आहे, तर ‘चार’ हे त्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर आहे.

हे अंतर प्रोग्रॅमच्या भाषेत कसं आलं, ते आता पाहू. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक बाइटला एक क्रमांक, म्हणजे पत्ता असतो. समजा, आपली यादी २००० या पत्त्यापासून सुरू होते आणि एका गुणाला ४ बाइट जागा लागते. मग पाच गुण २०००, २००४, २००८, २०१२ आणि २०१६ या पत्त्यांवर बसतील. आकडे शून्यापासून दिले, तर पत्ता काढण्याचा नियम सरळ आहे : सुरुवातीचा पत्ता अधिक ४ गुणिले कंसातला आकडा. `gun[3]` साठी २००० + १२ = २०१२. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये बीसीपीएल ही भाषा केली, तेव्हा त्यांनी हीच पद्धत घेतली. तिच्यातून बी आणि बीमधून बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांची सी भाषा तयार झाली. सीमध्ये तर `a[i]` ची व्याख्याच `*(a+i)` अशी आहे, म्हणजे ‘`a` पासून `i` घरं पुढे जा आणि तिथं जे असेल ते घे’. अशा व्याख्येत पहिल्या घरासाठी शून्याखेरीज दुसरा आकडा बसतच नाही. सीचं वळण पुढे अनेक भाषांनी उचलले, आणि त्याबरोबर शून्यही आला.

इथे आणखी एक समज तपासायला हवा. एकपासून आकडे दिले तर दर वेळी एक वजा करावा लागतो आणि प्रोग्रॅम हळू चालतो, असं सांगितलं जातं. वरच्या उदाहरणात एकपासून सुरुवात केली, तर पत्त्याचा नियम २००० + ४ × (i − १) असा होतो. पण हेच १९९६ + ४ × i असंही लिहिता येतं. १९९६ ही संख्या कंपायलर एकदाच काढून ठेवू शकतो. प्रोग्रॅम चालू असताना वेगळी वजाबाकी करायची गरज उरत नाही. १९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये याद्या एकपासूनच सुरू होत होत्या, आणि वेगवान गणितासाठीच ती भाषा नावाजली गेली. तेव्हा वेगाचं कारण फारसं टिकत नाही.

मग शून्याच्या बाजूनं खरंच काही चांगला युक्तिवाद आहे का? आमच्या वाचनातला सर्वांत चांगला युक्तिवाद एट्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचा आहे. ते आपली टिपणं क्रमांक देऊन सहकाऱ्यांत वाटत असत. ११ ऑगस्ट १९८२ च्या ८३१ क्रमांकाच्या छोट्याशा टिपणात त्यांनी हाच प्रश्न घेतला आहे. त्यांची सुरुवात यादीपासून होत नाही, २, ३, ४ … १२ अशा संख्यांच्या पट्ट्यापासून होते. हा पट्टा चार प्रकारे लिहिता येतो : दोन्ही टोकं धरून, दोन्ही सोडून, फक्त खालचं टोक धरून किंवा फक्त वरचं धरून. डायक्स्ट्रांची पसंती २ ≤ i < १३ या रूपाला आहे. खालचं टोक आत, वरचं बाहेर.

या पसंतीला कारणं आहेत. १३ मधून २ वजा केले की ११ मिळतात, आणि पट्ट्यात संख्याही ११ च आहेत. दोन्ही टोकं धरली, तर १२ − २ = १० येतात आणि वर एक मिळवायची आठवण ठेवावी लागते. शेजारचा पट्टा जिथं सुरू होतो, तोच आकडा या पट्ट्याच्या शेवटी येतो, त्यामुळे जोड देताना घोळ होत नाही. रिकामा पट्टाही २ ≤ i < २ असा सहज लिहिता येतो. एवढं मान्य केलं, की N वस्तूंच्या यादीसाठी दोन पर्याय उरतात : एकपासून सुरुवात केली तर १ ≤ i < N + १, आणि शून्यापासून केली तर ० ≤ i < N. दुसरा सुटसुटीत आहे, म्हणून शून्य.

टिपणाचा पहिला भाग आम्हाला पूर्ण पटतो. ‘आठ दिवसांनी या’ असं सोमवारी सांगितलं, तर माणूस पुढच्या सोमवारी येतो; पुढे गेलेले दिवस मात्र सातच. दोन्ही टोकं धरून मोजण्याचा हा आपला रोजचा नमुना आहे. बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही, हिशेबात बिघडतं.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. डायक्स्ट्रा पट्ट्यांच्या टोकांवरून घरांच्या नावांवर फार झटकन येतात. टोक म्हणजे रेघ, आणि यादीतली वस्तू म्हणजे दोन रेघांमधलं घर. पाच घरांना सहा रेघा लागतात : ० ते ५. घराला त्याच्या डावीकडच्या रेघेचा आकडा द्यायचा, हा एक निर्णय आहे. तो टिपणात जेमतेम एका वाक्यात उरकला आहे. शिवाय नकोसा ‘एक’ यामुळे नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. N + १ गेला, पण शेवटच्या वस्तूचा आकडा N − १ झाला. अनुभवी माणसाला हा सौदा फायद्याचा आहे. नवख्या मुलाला ‘पाचवा म्हणजे चार’ हे पचवावं लागतं, आणि त्याची किंमत टिपणात धरलेली नाही. गणितात सारणीच्या ओळी आणि स्तंभ एकपासून मोजायचा प्रघात आहे, आणि फोरट्रानप्रमाणे मॅटलॅब, आर, जूलिया या भाषाही एकपासूनच सुरू होतात. त्या काही चुकलेल्या भाषा नव्हेत. लहान मुलांच्या स्क्रॅचमध्येही यादीतली पहिली वस्तू १ क्रमांकाची असते. स्क्रॅचवरून पायथॉनकडे येणारं मूल म्हणूनच हमखास अडखळतं.

हे अडखळणं हिशेबात कसं उतरतं, ते एका उदाहरणानं पाहू. वर्गात ४० मुलं, हजेरी क्रमांक १ ते ४०. सतराव्या क्रमांकाचा मुलगा `gun[17]` मध्येच असावा, म्हणून कोणी ४१ घरांची यादी करतं आणि `gun[0]` मध्ये ० ठेवून ते घर वापरतच नाही. युक्ती वाईट नाही. पण पुढे सरासरी काढताना `sum(gun)/len(gun)` लिहिलं, तर भागाकार ४१ नं होतो. एकूण गुण २४६० असतील, तर खरी सरासरी ६१.५, पडद्यावर येते ६०. संगणक काही तक्रार करत नाही, आणि ६० हा आकडा इतका शहाण्यासारखा दिसतो, की कोणाला शंकाही येत नाही. सर्वांत कमी गुण विचारले, तर ० येतात. चूक सापडली तर तिथं सापडते.

अशा चुका पकडण्यासाठी खऱ्या गुणांऐवजी यादीत १, १०, १००, १०००, १०००० हे आकडे भरून पाहावेत. प्रत्येक घराला बेरजेत स्वतःचं एक स्थान मिळतं, त्यामुळे कोणतं घर सुटलं हे उत्तरावरूनच कळतं.

```python
gun = [1, 10, 100, 1000, 10000]
berij = 0
for i in range(1, 5):
    berij = berij + gun[i]
print(berij)
```

उत्तर `11110` येतं. एककाच्या जागी शून्य, म्हणजे पहिलं घर सुटलं. `range(4)` लिहिलं तर `1111` येईल. शेवटचं घर सुटलं. `range(5)` लिहिलं की `11111`. आणि `range(1, 6)` लिहिलं, तर पाच फेऱ्यांचा हिशेब बरोबर असूनही पायथॉन `IndexError` दाखवून थांबेल, कारण पाचच्या पुढे घर नाही. सीमध्ये असा पहारा नसतो. तिथं यादीबाहेर शेजारी जे काही पडलं असेल, तेही बेरजेत घेतलं जाऊ शकतं. ते योगायोगानं शून्य असेल, तर उत्तर `11110` येतं आणि यादीबाहेर गेल्याची चूक झाकली जाते.

या चाचणीचीही एक मर्यादा आहे. पायथॉनमध्ये `gun[-1]` म्हणजे शेवटचं घर. त्यामुळे `range(5)` बरोबर चुकून `gun[i-1]` लिहिलं, तर पाचही घरं बेरजेत येतात, फक्त शेवटचं सर्वांत आधी येतं. बेरीज `11111` च, क्रम मात्र चुकलेला. तेव्हा बेरजेआधी प्रत्येक फेरीतलं `gun[i-1]` छापून पाहायला सांगावं.

वर्गात हा विषय काढताना फळ्यावर पाच घरं आखावीत आणि आकडे घरांत न लिहिता रेघांखाली लिहावेत, ० ते ५. मग मुलांना विचारावं, तिसऱ्या घराच्या आधी किती घरं आहेत? दोन. म्हणून ते `gun[2]`. दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतची घरं हवीत? ती १ च्या रेघेपासून ४ च्या रेघेपर्यंत आहेत; `gun[1:4]` असं लिहिलं की बरोबर तीन घरं मिळतात, कारण ४ − १ = ३. ‘संगणक शून्यापासून मोजतो’ हे वाक्य त्यानंतर सांगायची गरज पडत नाही.