सामग्री, मांडणी आणि परीक्षकाचे पत्र

शोधनिबंध छापण्यापूर्वी परीक्षक संपादकांना जो अभिप्राय पाठवतो, तोही समीक्षालेखनाचाच एक प्रकार मानावा लागतो. निबंध स्वीकारावा किंवा नाकारावा असे सांगणारी पत्रे तुलनेने सोपी असतात. परीक्षकाची खरी कसोटी लागते ती सामग्री भक्कम आणि मांडणी कच्ची असलेल्या निबंधावर मोठ्या दुरुस्तीची शिफारस करताना. येथे मांडणी म्हणजे भाषाशैली किंवा विभागांचा क्रम नव्हे. निबंधाने कोणता प्रश्न विचारला आहे आणि जमवलेली सामग्री त्या प्रश्नाच्या संदर्भात पुरावा का ठरते, हे मांडणीने सांगावयाचे असते.

एक कल्पित, परंतु परिचित वाटावे असे उदाहरण घेऊ. जात्यावरच्या ओव्यांमधील स्त्रीचा विद्रोह दाखवू पाहणारा एक निबंध परीक्षकाकडे आला आहे. त्यात 14 गायिकांकडून मिळालेल्या 212 ओव्या असून प्रत्येक ओवीसोबत गायिकेचे वय, माहेर, सासर आणि पाठभेद यांची नोंद आहे. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'सारख्या संग्रहाची रचना विषयवार आहे; तेथे ओवीचा विषय कळतो, ती गाणारी विशिष्ट बाई मात्र समोर येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या संकलनाने गायिकेच्या आणि गावाच्या नोंदीला महत्त्व दिले. प्रस्तुत निबंधाची सामग्री या दुसऱ्या परंपरेतली आहे आणि हेच तिचे बळ आहे.

निबंधाची पहिली काही पाने मात्र विद्रोहाच्या सिद्धांताने भरली आहेत. ओव्या त्यानंतर केवळ दाखल्यादाखल येतात आणि शेवटी गृहीतकच निष्कर्ष म्हणून परत येते. परीक्षक परिशिष्ट मोजून पाहतो, तेव्हा सासुरवासाच्या ओव्या 38 भरतात आणि त्यांपैकी 26 तीनच गायिकांच्या आहेत असे आढळते. भावाविषयीच्या ओव्या 117 आहेत. त्यांचा निबंधात जेमतेम उल्लेख येतो. म्हणजे सामग्री खोटी नाही, परंतु निवडलेल्या प्रश्नाने तिचा मोठा भाग मुका करून टाकला आहे.

अशा वेळी चांगले पत्र प्रथम निबंधाचा दावा लेखकालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगते. त्यानंतर कशाला हात लावू नये, हे ते स्पष्ट करते: नोंदी, पाठभेद आणि परिशिष्ट. मग ते एकच मध्यवर्ती आक्षेप पुराव्यासह मांडते आणि सामग्रीत दडलेल्या प्रश्नाकडे बोट दाखवते. या उदाहरणात 19 ओव्या अशा आहेत की त्या एकीहून अधिक गायिकांनी एखादाच शब्द बदलून गायिल्या आहेत; एकीच्या ओवीत भाऊ आहे, तर दुसरीच्या ओवीत त्या जागी मुलगा. सर्वांच्या मालकीची ओळ एका बाईची स्वतःची कशी होते, हा प्रश्न या सामग्रीनेच उभा केला आहे. गायिकांच्या वयाच्या आणि माहेर-सासरच्या नोंदी याच प्रश्नासाठी उपयोगी पडतात. सासुरवासाच्या ओव्यांनाही येथे जागा राहते, कारण त्या तीन गायिकांनीच त्या इतक्या का गायिल्या, हेही विचारता येते.

येथे परीक्षकालाही एक मोह टाळावा लागतो. आल्बर्ट लॉर्ड यांचे 1960 मधील 'द सिंगर ऑफ टेल्स' वाचा, एवढे लिहून तो मोकळा झाला तर एका उसन्या चौकटीच्या जागी दुसरी येईल. लॉर्ड यांची उपपत्ती गातागाता दीर्घ कथाकाव्य रचणाऱ्या गायकांवर आधारलेली आहे. ओवी बहुधा दोन ओळींची असते आणि पुष्कळदा स्मरणातून येते. मौखिक सूत्राची कल्पना येथे कितपत लागू पडते, हे या 19 ओव्यांवरच तपासले पाहिजे, असे पत्रात लिहिणे आवश्यक ठरते.

मोठी दुरुस्ती आणि नकार यांतील सीमारेषाही येथेच सापडते. जवळ असलेल्या सामग्रीवर नवा प्रश्न उभा राहू शकत असेल, तरच दुरुस्तीची शिफारस प्रामाणिक ठरते. त्यासाठी नव्याने क्षेत्रकार्य करावे लागणार असेल, तर तो दुसराच निबंध होय आणि लेखकाला तसे सांगितलेले बरे. ओवी दळताना ऐकली की विनंतीवरून गाऊन घेतली, याची नोंद नसेल, तर पत्राने ती उणीव भरून काढता येत नाही. दावा तेवढा आखूड करण्यास सुचवता येते.

दुरुस्त निबंध परत आल्यावर परीक्षकाने प्रस्तावनेपूर्वी मधली पाने वाचावीत. तेथे त्याच ओव्या त्याच क्रमाने असतील आणि निष्कर्षही तोच असेल, तर आरंभी घातलेले नवे परिच्छेद केवळ ठिगळ होत. मांडणी खरोखर बदलली असेल, तर त्या 117 ओव्या परिशिष्टातून निघून निबंधाच्या मध्यभागी आलेल्या दिसतील.