तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा आणि वीटभट्टीवर गेलेली मुलं

मागच्या वेळी आपण शाळा व्यवस्थापन समितीच्या रचनेबद्दल बोललो होतो. आज तिच्या हातून तयार होणारा कागद घेऊ या, म्हणजे शाळा विकास आराखडा. एखाद्या पुस्तकाची करतो तशी या कागदाची समीक्षा करायची असं मी ठरवलंय, म्हणजे तो लिहिणाऱ्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, एवढंच बघायचं.

उदाहरण मावळातलं घेतो. पण ते कुठल्याही एका शाळेचं नाही. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ या पट्ट्यातल्या लहान शाळांचे आराखडे साधारण ज्या धाटणीत लिहिले जातात, त्यावरून मी एक नमुना रचलाय. तेव्हा कृपा करून गाव ओळखायच्या मागे लागू नका. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, मुलं 34. पहिलीत 7, दुसरीत 8, तिसरीत 9 आणि चौथीत 10. गावाला लागून एक कातकरी वस्ती आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 22 नुसार शाळा व्यवस्थापन समितीने आराखडा करायचा, आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने पुढची योजना आणि अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरवायचं. केंद्राच्या आदर्श नियमांत हा आराखडा तीन वर्षांचा आहे, त्याच्या पोटात एकेका वर्षाचे तीन छोटे आराखडे. त्यात काय हवं? इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे जादा शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा आणि लागणारा पैसा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आराखडा हे आधी मागणीपत्र आहे. आपण मात्र ते संकल्पपत्रासारखं लिहितो. 'गुणवत्ता वाढवणे', 'पट वाढवणे', 'लोकसहभाग वाढवणे'. सगळं वाढवणे. (हशा)

आता आपला नमुना. पहिला रकाना पायाभूत स्थितीचा. पट 34. पुढच्या दोन वर्षांचं उद्दिष्ट 38 आणि 42. हे आकडे कुठून आले? दर वर्षी चार वाढवले, एवढंच. पण पटाचा अंदाज ही आराखड्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, कारण पुढच्या दोन वर्षांत पहिलीत येणारी मुलं आज अंगणवाडीत बसलेली असतात. अंगणवाडी सेविकेची नोंदवही उघडायची आणि मोजायचं. समजा, पुढच्या वर्षी 6 मुलं येणार आहेत आणि त्याच्या पुढच्या वर्षी 5. चौथीची 10 मुलं बाहेर पडणार. म्हणजे दुसऱ्या वर्षी 6, 7, 8, 9 मिळून पट 30. तिसऱ्या वर्षी 5, 6, 7, 8 मिळून 26. आराखडा 42 म्हणतो आणि अंगणवाडी 26 म्हणते.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. समग्र शिक्षा अभियानात शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं, त्याच्या निकषात पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार आणि 31 ते 100 असेल तर 25 हजार रुपये आहेत. आपली शाळा दुसऱ्या वर्षी बरोबर 30 वर येते. म्हणजे ज्या वर्षासाठी आराखड्यात 25 हजारांचा खर्च लिहिलाय, त्या वर्षी हातात 10 हजार येणार. शिक्षक मात्र दोनच राहतील, कारण प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असा कायद्याच्या परिशिष्टातला हिशेब आहे. हे आज लिहून ठेवलं असतं तर समितीला गावासमोर एक खरा प्रश्न ठेवता आला असता, की बाकीचे 15 हजार कुठून आणायचे. 42 लिहिल्यामुळे तो प्रश्न कुणाला पडलाच नाही.

आता वाचनाकडे येऊ. मला खरं बोलायचंय ते याच्यावर.

आराखड्यात लिहिलंय: 'तिसरी, साधा उतारा न अडखळता वाचणारे विद्यार्थी, सध्या 44 टक्के. उद्दिष्ट 60, 75, 90.' तिसरीत मुलं 9. चार वाचतात, म्हणून 44 टक्के. मग 60 टक्के म्हणजे किती मुलं? पाच पूर्णांक चार. एवढ्या लहान वर्गात एक मूल म्हणजे अकरा टक्के, तिथे टक्केवारी लिहूच नये. मुलांची संख्या लिहावी, आणि शाळेतल्या वहीत नावं लिहावीत.

पण मोठी चूक वेगळी आहे. दुसऱ्या वर्षीचे तिसरीतले विद्यार्थी कोण? आज जे दुसरीत आहेत ते. आणि तिसऱ्या वर्षीचे? आज पहिलीत बसलेली 7 मुलं. ज्या 9 मुलांची चाचणी घेऊन 44 आकडा काढला, ती तोवर चौथी संपवून दुसऱ्या शाळेत गेलेली असतील. म्हणजे पायाभूत स्थिती एका मुलांची आणि 90 टक्क्यांचं उद्दिष्ट दुसऱ्याच मुलांचं. आणि कृतीच्या रकान्यात काय? 'तिसरीसाठी जादा तास.' तिसऱ्या वर्षाचं उद्दिष्ट गाठायचं असेल तर कृती आज पहिलीत व्हायला हवी, अक्षरओळख आणि रोजचं मोठ्याने वाचन. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी ज्या शिक्षकाकडे आहे, त्याचं पदनाम त्या रकान्यात हवं. नमुन्यात तिथे 'सर्व शिक्षक' आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत सर्व शिक्षक!

आता महिना बघा. मावळात हे फार महत्त्वाचं आहे. पायाभूत चाचणी घेतली जुलैत आणि वर्षअखेरची मार्चमध्ये. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात वस्तीवर असतात. दिवाळीनंतर त्यांतली बरीच वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. आपल्या तिसरीतल्या 9 पैकी 3 मुलं अशा घरातली आहेत असं धरू. जुलैत ती हजर होती आणि तिघांनाही उतारा वाचता येत नव्हता. मार्चमध्ये ती भट्टीवर आहेत. चाचणीला बसली 6 मुलं, त्यांतली 5 वाचतात. झाले 83 टक्के. उद्दिष्ट 60 चं होतं, गाठले 83. आढावा बैठकीत टाळ्या.

प्रत्यक्षात काय झालं? वाचणारी मुलं चारची पाच झाली. जुलैतल्या त्याच 9 मुलांवर हिशेब केला तर 56 टक्के, म्हणजे उद्दिष्ट चुकलं. शिक्षकाने खोटं काहीच लिहिलं नाही, हे लक्षात घ्या. जी मुलं समोर होती त्यांची चाचणी त्याने प्रामाणिकपणे घेतली. छेद बदलला, एवढंच. ज्या मुलांसाठी हा आराखडा सगळ्यात जास्त हवा होता, ती गेल्यामुळेच तो यशस्वी ठरला.

हे ओळखायचं कसं? कुठलाही आराखडा हातात घेतलात तर टक्केवारीच्या आधी छेद विचारा. जुलैत किती बसली होती, मार्चमध्ये किती? दोन आकडे वेगळे असतील तर जी कमी झाली ती कोण, हे विचारा. उपाय फार अवघड नाही. पायाभूत यादीतली नावं गोठवायची. मार्चमध्ये गैरहजर असलेल्याला 'वाचता येत नाही' असं धरायचं नाही, पण यादीतून काढायचंही नाही. त्याच्यापुढे 'स्थलांतरित, चाचणी बाकी' असं लिहायचं आणि परतल्यावर जूनमध्ये घ्यायची. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एक मधली चाचणी ठेवायची, कारण सगळी मुलं एकत्र सापडण्याची ती शेवटची वेळ. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धत आहेच. ते कुणी, कुठल्या तारखेपर्यंत भरून द्यायचं ही ओळ मात्र नमुन्यात कुठेच नाही.

लोणावळ्यात, म्हणजे नगरपरिषदेच्या शाळेत, हाच प्रश्न उलट बाजूने येऊ शकतो. मजुरीला, हॉटेलच्या कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं मध्येच दाखल होतात. त्यांना पायाभूत स्थितीच नसते. दाखल झाल्याच्या आठवड्यात त्यांची चाचणी घ्यावी, आणि वर्षअखेरीला जुन्या यादीत न मिसळता वेगळी ओळ लिहावी.

आता शेवटचा रकाना, जबाबदार व्यक्ती. एक छप्पर घेऊ. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा गळती हा तिथे किरकोळ विषय नाही. नमुन्यात लिहिलंय: 'वर्गखोली दुरुस्ती, जबाबदार: मुख्याध्यापक, ग्रामपंचायत. कालावधी: वर्ष 1.' मुख्याध्यापकाच्या हातात खोली दुरुस्त करण्याचा अधिकारही नाही आणि पैसाही नाही. खोली जिल्हा परिषदेची. आणि 'ग्रामपंचायत' ही काही व्यक्ती नाही, तिला फोन लावता येत नाही. मग नाव कुणाचं लिहायचं? माझं म्हणणं असं, की ज्याच्याकडे अधिकार आहे त्याचं लिहून उपयोग नाही, पुढचं पाऊल ज्याने टाकायचंय त्याचं लिहा. जुलैत पाऊस चालू असताना कुठे गळतं त्याच्या खुणा आणि फोटो: समितीतले एक पालक. ऑगस्टमध्ये फोटोंसह अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि पोच घेणे: मुख्याध्यापक. पाऊस उघडल्यावर शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक, त्याचा पाठपुरावा: समितीचे अध्यक्ष. आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि काम मे महिन्यात व्हायला हवं. ऑक्टोबरात अंदाजपत्रक झालं नाही तर ते वर्ष गेलं, हे तेव्हाच कळतं. पुढच्या जूनची वाट बघावी लागत नाही.

आणखी एक गंमत आहे. आराखडा तीन वर्षांचा, पण नियमांप्रमाणे समिती दर दोन वर्षांनी नव्याने गठित होते. शिक्षकांची बदली होते ती वेगळीच. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या उद्दिष्टावर सही करणारी बरीच माणसं तिसऱ्या वर्षी तिथे नसतात. सगळ्यात मोठे आकडे नेमके त्याच वर्षात टाकलेले असतात, हे मला काही योगायोग वाटत नाही.

प्रश्न आलाय. मागून एक शिक्षिका विचारतायत, की एवढं सगळं लिहिलं तर छापील नमुन्यात बसत नाही, मग काय करायचं?

नाही बसत. छापील नमुना भरून द्या, तो वर जाणारच आहे. पण शाळेत एक दोनशे पानी वही ठेवा. पहिल्या पानावर आज पहिलीत असलेल्या 7 मुलांची नावं. समोर रकाने: जुलै, दिवाळीआधी, मार्च, जून. मुलं पुढच्या वर्गात गेली की पान तेच राहील, वरची इयत्ता फक्त बदलेल. आणि नवीन समितीच्या पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात ही ओळ घाला: 'वही वाचून दाखवली.' खाली वाचणाऱ्याची सही.