वॉटसन मागे का पडतो?

भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, तेव्हा वॉटसनही सोबत आलाच. हा मागे पडणारा मित्र कशाला हवा? १८९२ची ‘सिल्व्हर ब्लेझ’ बघा. रात्री घोडा नाहीसा होतो, पण तबेल्यातला कुत्रा भुंकत नाही. होम्स ओळखतो, आलेला माणूस कुत्र्याच्या परिचयाचा. वॉटसनला त्या क्षणी अर्थ लागत नाही, आणि तो त्या क्षणापुरतंच सांगतो. म्हणजे पुरावा आपल्यासमोर, निष्कर्ष तेवढा झाकलेला.

१९२६च्या ‘ब्लँच्ड सोल्जर’मध्ये होम्सच निवेदक आहे. नोकराच्या हातमोज्यांचा वास येतो आणि त्याची पंचाईत होते. मनातलं सांगावं तर रहस्य फुटतं, लपवावं तर लबाडी. वॉटसनचं न कळणं प्रामाणिक असतं, म्हणून फसलो तरी आपण चिडत नाही.