कॅमेऱ्याकडे पाहणारी पट्टी आणि तिचा पीळ

'क्वेक थ्री अरीना' हा गेम १९९९ साली आला आणि २००५ मध्ये त्याच्या इंजिनाचा सोर्स कोड खुला झाला. त्यात विजेच्या बंदुकीचा झोत कसा काढलाय ते आजही उघडून बघण्यासारखं आहे. कॅमेऱ्यापासून झोताच्या सुरुवातीकडे एक दिशा आणि शेवटाकडे दुसरी दिशा धरायची, दोन्हींचा क्रॉस प्रॉडक्ट घ्यायचा आणि त्या दिशेने दोन्ही बाजूंना आठ-आठ एकक सरकून चार कोपरे मिळवायचे. यातलं कोपरे मिळवण्याचं काम `DoRailCore` नावाचं छोटंसं फंक्शन करतं. मग तीच पट्टी झोताच्या अक्षाभोवती ४५ अंशांनी फिरवत एकूण चार वेळा काढलेली आहे. टेक्स्चरचा हिशेबही तिथेच एका ओळीत उरकलाय: झोताची लांबी भागिले २५६. म्हणजे झोत लांबला तरी टेक्स्चर ताणलं जात नाही, त्याच्या आवृत्त्या वाढतात.

चार पट्ट्या कशासाठी, याचं उत्तर बंदूक धरणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. तो झोताच्या जवळजवळ रेषेतूनच बघत असतो. त्या कोनातून एकटी पट्टी डळमळीत होते, कारण दोन्ही दिशा जवळपास एकच असल्या की क्रॉस प्रॉडक्ट शून्याकडे जातो आणि 'बाजू कुठली' या प्रश्नाला भरवशाचं उत्तर उरत नाही. चार पट्ट्या असल्या की निदान एखादी तरी डोळ्यासमोर रुंद दिसते. गणित सोडवलेलं नाही, पण प्रसंग निभावलाय. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो.

सरळ लेझरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सुखाची आहे. कॅमेरा आणि सरळ रेषा मिळून एकच प्रतल ठरतं, त्यामुळे रेषेवरच्या कुठल्याही बिंदूपाशी बाजूची दिशा एकच येते. सरळ झोताला पीळ पडतच नाही. सगळा त्रास सुरू होतो तो रेषा वळली की, म्हणजे रॉकेटमागचा धूर, जादूच्या गोळ्याची शेपटी, गाडीच्या दिव्यांची रेघ अशा ठिकाणी. तिथे प्रत्येक बिंदूची स्पर्शदिशा वेगळी, म्हणून प्रत्येकाची बाजूही वेगळी. या वळणाऱ्या पट्टीची आजची अवस्था बघितली तर साधनं भरपूर वाढली आहेत, पण पिळाचा प्रश्न सोडवण्यापेक्षा झाकण्यावरच बहुतेकांचा भर दिसतो.

एक उदाहरण आकड्यांत धरू. क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला ६० मीटर आणि गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतोय, म्हणजे दर फ्रेमला एक मीटर अंतर आणि शेपटीवर एक नवा बिंदू. धूर दोन सेकंद टिकतो, म्हणजे साधारण १२० बिंदू. क्षेपणास्त्र कॅमेऱ्यापासून लांबवर २० मीटर त्रिज्येचं वळण घेतं आणि वळता वळता एका क्षणी त्याचं तोंड थेट आपल्याकडे होतं. एका मीटरला दिशा सुमारे २.९ अंशांनी बदलते. स्पर्शदिशा आणि नजरेची दिशा या दोन एकक सदिशांच्या क्रॉस प्रॉडक्टची लांबी म्हणजे त्यांच्यातल्या कोनाचा साइन. तो ०.१ च्या खाली गेला की, म्हणजे कोन सहा अंशांहून कमी झाला की, बाजूचा भरवसा धरू नये. या वळणावर असे बिंदू जेमतेम चार भरतात. १२० पैकी चार! पण प्रेक्षकाची नजर नेमकी तिथेच असते, कारण क्षेपणास्त्र त्याच्याच अंगावर येत असतं.

त्या चार बिंदूंच्या अलीकडे बाजूचा सदिश वर बघत असतो आणि पलीकडे खाली. मधल्या चौकोनाच्या कडा एकमेकींना ओलांडतात आणि त्याचा डमरू होतो. हा दोष ओळखायला सोपा आहे. टेक्स्चर काढून टाका, डावी कड लाल आणि उजवी हिरवी रंगवा. एका ठिकाणी पट्टी चिमटल्यासारखी होऊन त्यापुढे रंगांची अदलाबदल झालेली दिसली, तर तोच तो पीळ.

नेहमीचा उपाय असा, `t` म्हणजे स्पर्शदिशा आणि `v` म्हणजे नजरेची दिशा, दोन्ही एकक सदिश:

```glsl
vec3 s = cross(t, v);
float k = length(s);
s = (k > 0.02) ? s / k : prev;
if (dot(s, prev) < 0.0) s = -s;
```

आधीच्या बिंदूची बाजू `prev` मध्ये हाताशी ठेवायची. नवी बाजू तिच्या उलट निघाली तर चिन्ह बदलायचं, आणि क्रॉस प्रॉडक्ट फारच लहान असेल तर जुनीच बाजू पुढे चालवायची. डमरू नाहीसा होतो. पण या चार ओळींचे परिणाम लांबवर जातात आणि शिकवण्यांमध्ये ते सहसा सांगितलेले नसतात. पडद्यावर रेषा उलटी फिरली आणि बाजू मात्र तशीच राहिली, म्हणजे पुढच्या त्रिकोणांचा फिरण्याचा क्रम उलटतो. बॅकफेस कलिंग चालू असेल तर अर्धी शेपटी अदृश्य होते. ते बंद ठेवावंच लागतं.

दुसरा परिणाम जास्त चिवट आहे. ही साखळी ओळीने चालवावी लागते, आणि व्हर्टेक्स शेडरला फार तर आजूबाजूचे दोनचार बिंदू दिसतात, अख्खी साखळी नाही. म्हणून हे काम सीपीयूवर किंवा वेगळ्या कॉम्प्युट टप्प्यात करावं लागतं. शिवाय कॅमेरा हलता असेल तर एका फ्रेममध्ये रेषा नजरेच्या एका अंगाने निसटते आणि पुढच्या फ्रेममध्ये दुसऱ्या. चिन्ह बदलायचं की नाही, हा निर्णय त्या क्षणी फिरतो आणि त्यापुढची सगळी पट्टी आरशात बघितल्यासारखी उलटते. धुराचं टेक्स्चर दोन्ही बाजूंनी सारखं असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एक कड पेटती आणि दुसरी काळी असेल, तर शेपटी एकदम उडी मारते. म्हणून अनुभवी माणसं अशा पट्टीसाठी टेक्स्चर मध्यरेषेभोवती सममित ठेवतात. चित्रकाराला हे आधी सांगावं. नंतर सांगितलं की भांडण होतं.

उरलेले चार बिंदू बहुतेक जण पुसट करून टाकतात: साइन ०.३ पासून ०.१ पर्यंत उतरताना अपारदर्शकता शून्यावर आणायची. दिसायला हे बरं दिसतं, पण ते वास्तवाच्या नेमकं उलट आहे. विरळ, स्वतः उजळणाऱ्या झोताकडे त्याच्या लांबीच्या दिशेने बघितलं तर नजर त्याच्या जास्त जाडीतून जाते. आडव्या जाडीला साइनने भागलं की ती लांबी मिळते. तीस अंशांवर दुप्पट, सहा अंशांवर जवळजवळ दहापट. म्हणजे झोत तिथे जास्त तेजस्वी व्हायला हवा आणि आपण तो विझवतो. निदान लेझरसाठी तरी पट्टी विझताना तिच्या टोकाशी एक गोल चमक त्याच प्रमाणात उजळत न्यावी, असं माझं मत आहे. धुराला हे लागू नाही. तिथे त्याच जागी साधे गोल ढग टाकले की भागतं.

टेक्स्चरच्या ताणाकडे वळू. आपल्या क्षेपणास्त्राच्या शेपटीवर टेक्स्चर ० ते १ असं पूर्ण लांबीभर पसरलं, तर सुरुवातीला शेपटी वाढताना धुराचे गोळे रबरासारखे लांबतात. पुढे शेपटी १२० मीटरवर स्थिरावली की आणखी विचित्र प्रकार होतो: सगळा धूर क्षेपणास्त्राबरोबर सेकंदाला ६० मीटरने पुढे ओढला जातोय असं दिसतं. धूर हवेत सोडलेला असतो, तो जागेवर राहायला हवा. उपाय असा की प्रत्येक बिंदू जन्मताना तोपर्यंत कापलेलं एकूण अंतर त्याच्यावर लिहून ठेवायचं आणि ते पुन्हा कधी बदलायचं नाही. दर चार मीटरला एक आवृत्ती हवी असेल तर त्याला चाराने भागायचं. फक्त सर्वांत पुढच्या, अजून सरकत असलेल्या बिंदूचं मूल्य दर फ्रेमला नव्याने मोजायचं.

अंतराऐवजी बिंदूंच्या क्रमांकावर टेक्स्चर वाटलं तर दोष अडखळणाऱ्या फ्रेममध्ये उघडा पडतो. एखादी फ्रेम १७ ऐवजी ५० मिलिसेकंदांची झाली की तो तुकडा तीन मीटरचा होतो आणि तेवढंच टेक्स्चर तिप्पट ताणलं जातं. एकूण अंतराच्या पद्धतीलाही एक खोट आहे: आकडा वाढतच जातो. मोबाइलवर हे मूल्य १६ बिटांत ठेवलं, तर ६४ ते १२८ च्या दरम्यान सर्वांत लहान पायरी एक षोडशांश असते, म्हणजे २५६ पिक्सेलच्या टेक्स्चरवर १६ पिक्सेलची उडी. रेसच्या गेममध्ये पहिल्या काही सेकंदांतच चित्र थरथरू लागतं. अधूनमधून सगळ्या बिंदूंतून एकच पूर्णांक वजा केला की थरथर थांबते, कारण टेक्स्चरची आवृत्ती पूर्णांकावरच जुळते.

आडव्या दिशेचा ताण कमी चर्चिला जातो. शेपटी निमुळती होत टोकाशी शून्यावर आली की शेवटच्या चौकोनाचा एकच त्रिकोण उरतो आणि दुसऱ्याचं क्षेत्रफळ शून्य होतं. उरलेल्या त्रिकोणाच्या टोकाला टेक्स्चरची एकच कड मिळते, म्हणून मधली तेजस्वी रेघ टोकाकडे जाताना एका कडेला घसरते. आधीच्या चौकोनांतही कर्णावर ती मोडलेली दिसते. यावरचा तोडगा फार देखणा आहे. आडवं मूल्य `v` थेट न पाठवता `v*w` आणि `w` असे दोन आकडे पाठवायचे, `w` म्हणजे त्या ठिकाणची रुंदी, आणि फ्रॅगमेंट शेडरमध्ये भागाकार करायचा. समलंब चौकोनात दोन्ही आकडे सरळ रेषेत बदलतात, त्यामुळे दोन्ही त्रिकोणांत उत्तर तेच येतं आणि मधली रेघ टोकापर्यंत मधोमध राहते. लांबीच्या दिशेचं मूल्य मात्र या भागाकारात ओढायचं नाही. तीव्र वळणावर चौकोनाच्या बाजू समांतर राहत नाहीत, तिथे हे उत्तर अंदाजेच असतं. तिथे बिंदू वाढवण्याला पर्याय नाही.

आजची इंजिनं यातलं काय देतात? टेक्स्चर कसं वाटायचं याचे पर्याय युनिटीत आहेत आणि अनरियलच्या नायगारातही. ट्रेलवर टेक्स्चर जागच्या जागी ठेवणारा `Static` हा पर्याय युनिटीत मागाहून आला, यावरूनच किती जणांचा धूर सरकत होता याची कल्पना यावी. नायगारात सपाट पट्टीऐवजी अनेक प्रतलं किंवा नळीही निवडता येते, गोडोच्या रिबन ट्रेलमध्ये फुलीचा आकार मिळतो. 'क्वेक'च्या चार पट्ट्यांचेच हे वंशज. पिळाचा हिशेब मात्र आत कुठेतरी होतो, आणि शेपटी विचित्र वळली की वापरणाऱ्याने तोडगा टेक्स्चरमध्ये शोधायचा, अशी परिस्थिती आहे.

माझा खरा आक्षेप साधनांपेक्षा निवडीवर आहे. कॅमेऱ्याकडे पाहणारी पट्टी ही ज्याला स्वतःची बाजू नाही अशा गोष्टीसाठी आहे: गोल झोत, धूर, ठिणगीची रेघ. तलवारीच्या वाराला स्वतःचं प्रतल असतं. तिची मूठ आणि टोक दर फ्रेमला कुठे होतं हे आपल्याला ठाऊक असतं, मग त्या दोन बिंदूंमधूनच पट्टी ओढावी. अनरियलच्या जुन्या कॅस्केडमध्ये नेमकं यासाठी दोन सॉकेट घेणारा `AnimTrail` होता. तिथे पट्टीला पीळ पडला तर तो तलवारीने घेतलेला असतो आणि दिसायलाच हवा. तरीही कॅमेऱ्याकडे वळवलेले तलवारीचे वार अजून दिसतात: बाजूने ठीक, पण वरून बघितलं की पात्याऐवजी रुंद फीत हवेत फिरते.

व्हीआरमध्ये हा फरक आणखी उघडा पडतो. बाजू प्रत्येक डोळ्यासाठी वेगळी काढली, तर जवळून, थेट तोंडावर येणाऱ्या शेपटीची बाजू डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला दुसरीच दिसते, आणि दोन चित्रं जुळत नाहीत. दोन्ही डोळ्यांच्या मधल्या बिंदूवरून एकदाच काढावी, हा सध्याचा बरा मार्ग. हाताच्या अंतरावरून जाणाऱ्या झोतासाठी मात्र तोही पुरत नाही. तिथे पट्टीचा सपाटपणा दोन डोळ्यांना लगेच कळतो, म्हणून सरळ नळीच काढावी.