पाळण्याच्या दोऱ्या

समाजाच्या एका स्मरणिकेत गेल्या वर्षी एक फोटो छापून आला. पान भरून एका म्हातारीचा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, खाली सोडलेला. हाताच्या आतल्या अंगाला हिरवं गोंदण. खाली ओळ होती : ‘जैन गोंदण. खालून वर : स्वस्तिक, रत्नत्रय, सिद्धशिला, मानस्तंभ.’

हात माझ्या आज्जीचा. फोटो आमच्याच घरातून गेलेला, तेव्हा छापणाऱ्यांना दोष कशाला देऊ? त्यांनी मायेनंच छापला. पण महिन्याभरात माझी भाची तो फोटो मोबाईलवर घेऊन आली. बेळगावात एका ठिकाणी मनगटावर तसंच काढून घ्यायचं तिनं ठरवलं होतं. म्हणाली, “मावशी, पणजीच्या हातावर सिद्धशिला होती, तू कधी सांगितलं नाहीस!” मी चष्मा लावला आणि फोटो नीट बघितला. मग मात्र गप्प बसवेना.

आधी हे मान्य करते की ओळ लिहिणाऱ्यानं अंधारात दगड मारलेला नाही. आपलं चिन्ह आठवा. खाली स्वस्तिक, त्यावर तीन ठिपके, त्यावर चंद्रकोर आणि कोरीत एक बिंदू. स्वस्तिकाचे चार हात म्हणजे चार गती : देव, मनुष्य, तिर्यंच, नरक. तीन ठिपके म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र. कोर म्हणजे लोकाच्या माथ्यावरची सिद्धशिला आणि बिंदू म्हणजे तिथं पोचलेला सिद्ध जीव. आज्जीच्या हातावर मनगटाजवळ स्वस्तिक आहे, वर तीन ठिपके आहेत, त्यावर वर तोंड केलेली कोर आहे आणि कोरीत ठिपकाही आहे. कुणालाही फसवील अशी मांडणी आहे.

कुणी म्हणेल, ते चिन्ह सगळ्या पंथांनी मिळून स्वीकारलं १९७४ साली, भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, आणि आज्जीचं गोंदण तर १९५०च्या आधीचं, लग्नाच्या आधीचं. खरं आहे. पण एवढ्यावर निकाल लागत नाही. तांदळाचं स्वस्तिक, तीन पुंज आणि वर कोर ही मांडणी त्या ठरावाच्या कितीतरी आधीपासून पाटावर काढली जाते. तेव्हा साल बाजूला ठेवू आणि हातच बघू.

गोंदण बघताना पहिला प्रश्न असतो, वर कोणती बाजू? आमच्या भागात गोंदायला कोरवी बायका येत. सुगी झाली की सुपं, टोपल्या, शिंकी घेऊन गावात शिरत. त्यांची बोली कानडी मिसळलेली, गोंदणाला त्या ‘हच्चे’ म्हणत. मोल म्हणून धान्य घेत, जुनं लुगडं घेत. पोरीला समोर बसवून तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेत. म्हणजे पोरीची बोटं कोरवीणीकडे आणि कोपर पलीकडे. कोरवीणीला चित्र सुलट दिसतं तेव्हा चित्राचा माथा कोपराकडे जातो. हात खाली सोडला की समोरच्यालाही ते सुलटच दिसतं. स्मरणिकेत फोटो बोटं खाली ठेवून छापलाय, ते बरोबरच आहे. इथपर्यंत ओळ लिहिणारा चुकलेला नाही.

दुसरा प्रश्न रेघेचा. तीन, पाच किंवा सात सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात नाहीतर बाळंतिणीच्या अंगावरच्या दुधात खलायची, ती कातडीवर लावून टोचत जायचं आणि शेवटी हळद चोळायची. काजळी काळीच असते. पण ती कातडीच्या आतल्या थरात बसते आणि वरच्या थरातून बघताना हिरवी-निळी दिसते. वर्षं जातात तशी ती आतल्या आत पसरते. सुया जुडीनं टोचलेली रेघ साठ वर्षांत काडेपेटीच्या काडीएवढी जाड होते. एकाच सुईनं वरवर ओढलेली रेघ मात्र विरत जाते आणि सुरकुतीसारखी दिसायला लागते. म्हणून जुन्या गोंदणात ठळक तेवढं वाचलं की घोळ होतो. पुसट काय आहे ते आधी शोधावं लागतं.

आता तो फोटो उजेडात धरा. कोरीच्या दोन्ही टोकांपासून दोन पुसट रेघा वर निघतात. ओळ लिहिणाऱ्याला त्या सुरकुत्या वाटल्या असणार. पण म्हातारपणी मनगटाशी आणि कोपराशी सुरकुत्या पडतात त्या बहुतेक आडव्या. या रेघा उभ्या आहेत, दोन्ही सारख्या लांबीच्या आहेत आणि वर जाऊन एका आडव्या दांडीला मिळतात. सिद्धशिलेला दोऱ्या नसतात. दोऱ्या पाळण्याला असतात. कोर म्हणजे पाळण्याची झोळी आणि आतला ठिपका म्हणजे बाळ.

पाळणा हे गोंदणातलं नेहमीचं चित्र. मराठी मुलुखात आहे, कानडीतही आहे, तिथं त्याला ‘तोट्टिलु’ म्हणतात. लग्नाआधी पोरीच्या हातावर तो काढायचा, कूस उजवावी, घरात पाळणा हलावा म्हणून. कुणी त्याला बाळकृष्णाचा पाळणा म्हणतं, कुणी नुसता पाळणा. अर्थ एकच, भरली ओटी.

तिसरा प्रश्न शेजाराचा. एका हातावरची चित्रं एकमेकींची साक्ष देतात. पाळण्याच्या वर जे आहे त्याला ओळीत मानस्तंभ म्हटलंय. दोन पायऱ्यांचा चौथरा आणि त्यातून वर गेलेली उभी रेघ, म्हणून बस्तीपुढचा मानस्तंभ आठवला असेल. पण मानस्तंभाला फांद्या कुठून येतील? इथं उभ्या रेघेला दोन्ही बाजूंनी तिरक्या आखूड रेघा आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला एक ठिपका. त्या मंजिऱ्या. चौथरा म्हणजे वृंदावन, आपल्याकडच्या भाषेत तुळशीकट्टा. तुळस गोंदायची ती सौभाग्यासाठी आणि घर राखलं जावं म्हणून. पाळणा आणि तुळस एकाच हातावर येणं अगदी सरळ आहे. एक घराच्या आतलं मागणं, एक अंगणातलं.

उरले तीन ठिपके आणि स्वस्तिक. ठिपका हे गोंदणातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात बहुरूपी चिन्ह. हनुवटीवर किंवा गालावर एकटा असला की तो नजर लागू नये म्हणून. पाचांचा पुंजका असला की पाच पांडव. आणि दोन चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोरवीण ठिपके देतच असे, जागा रिकामी राहू नये म्हणून. आज्जीच्या हातावरचे तिन्ही एका ओळीत, नेमके अशा मोकळ्या जागी आहेत. कोरवीणीनं ते रत्नत्रय म्हणून टोचले असतील असं मला वाटत नाही. पण आज्जी रोज बस्तीत जायची. तिनं पुढं त्यांच्याकडे बघून रत्नत्रय म्हटलं असेल, तर तो तिचा अधिकार. स्वस्तिकाचंही तेच. ते उंबऱ्यावर सगळ्यांच्याच असतं, शुभ म्हणून. त्यात चार गती बघायच्या की नुसतं शुभ, हे बघणारीनं ठरवायचं. रेघेवरून ते सांगता येत नाही आणि सांगूही नये.

मग जैन घरातल्या पोरीच्या हातावर तुळस आली कशी? आली अशी, की गावात कोरवीण एकच यायची आणि तिच्याकडची चित्रं सगळ्यांसाठी तीच असायची. पाटलांच्या, लिंगायतांच्या, आमच्या, सगळ्या पोरी एका सोप्यात ओळीनं बसायच्या. एकीच्या हातावरचं बघून दुसरी मागायची. आमच्याकडचे चतुर्थ, पंचम सगळे शेतकरी. तंबाखूच्या रानात बायका एकत्र राबायच्या, तशाच गोंदायलाही एकत्र बसायच्या.

हे लिहिताना मला समाजातल्या दोन्ही बाजूंचे चेहरे दिसतात. एक बाजू म्हणते, तुळस-पाळणा हे मिथ्यात्व, असले फोटो छापूच नयेत. दुसरी म्हणते, छापू, पण जैन करून छापू. स्मरणिकेनं दुसरी वाट धरली. मला दोन्हींत एकच भीती दिसते, आपल्या आज्ज्या जशा होत्या तशा दाखवण्याची.

आज्जीला मी लहानपणी विचारलं होतं, दुखलं नाही का गं? ती म्हणाली, “दुखलं की. दोन दीस हात सुजला. पर मेल्यावर सोनंनाणं समदं काढून घेत्यात, ह्ये कोन काढून घेनार? ह्ये संगट येतंय.” गोंदण सोबत येतं, हे या मुलुखातल्या साऱ्या जातींच्या बायका म्हणत आल्या. आपलं शास्त्र तसं म्हणत नाही. औदारिक शरीर इथंच राख होतं आणि जीवाबरोबर जातात ती तैजस आणि कार्मण शरीरं. आज्जीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दशलक्षण पर्वात ती दहा दिवस एकभुक्त राहून शास्त्र ऐकायची. तरी तिनं दोन्ही धरून ठेवलं. त्याचा मेळ मी घालणार नाही, तिनंही घातला नव्हता.

पण सिद्धशिलेची ओळ वाचून माझ्या पोटात तुटलं ते का, हे सांगायला हवं. सिद्धशिला म्हणजे जन्म-मरणातून सुटका. पाळणा म्हणजे जन्माचीच मागणी. एका पोरीनं दुखणं सोसून हातावर लेकरू मागितलं आणि आपण साठ-सत्तर वर्षांनी छापलं की तिनं मोक्ष मागितला. मोक्ष मोठा, यात वाद नाही. पण जे तिनं मागितलं नाही ते तिच्या नावावर कशाला घालायचं? आणि जिनं ते टोचलं ती कोरवीण तर ओळीत कुठंच नाही.

भाचीला मी एवढंच दाखवलं. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, दोऱ्या बघितल्या, मंजिऱ्या मोजल्या. नऊ भरल्या. मग विचारलं, “आता काय काढू?” मी म्हटलं, तुला सिद्धशिला हवी तर सिद्धशिला काढ, तुझा हात आहे. पण तिला पणजीची म्हणू नकोस. पणजीचं काढायचं असेल तर दोऱ्या सोडू नकोस.

आणि पुढच्या स्मरणिकेत फोटो परत छापणार असाल, तर खाली एवढी ओळ घाला : ‘निपाणीकडच्या एका जैन बाईचा हात. खालून वर : स्वस्तिक, तीन ठिपके, पाळणा, तुळशीवृंदावन. गोंदणारी कोरवी बाई, नाव कुणी विचारून ठेवलं नाही.’