दुकानदाराचा निरोप आणि ग्राहकाची संमती

आज परीक्षणासाठी आम्ही एकच मजकूर घेतला आहे. फराळ करून विकणाऱ्या एका लहान दुकानाने व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून तो आम्हाला पाठवला. दुकानाचे नाव सांगत नाही, चकली उत्तम असते.

मजकूर बावीस ओळींचा आहे. आधी दिवाळीच्या शुभेच्छा, मग तीन पिढ्यांची परंपरा, मग शुद्ध तुपाची थोरवी. आता गंमत बघा, लांब मजकूर ॲप अर्धवटच दाखवतो, पुढचा वाचायला बोट लावावे लागते. सवलत आहे एकोणिसाव्या ओळीत, म्हणजे पडद्याआड. आणि ती तरी काय? ‘वीस टक्क्यांपर्यंत सूट’. या ‘पर्यंत’मध्ये दोन टक्केसुद्धा बसतात हो! कशावर सूट, कोणत्या तारखेपर्यंत, किलोला भाव काय, यातले काहीच नाही. ज्याला तर्कशास्त्रात विधान म्हणावे असे काही इथे नाहीच, कारण ते खोटे ठरवण्याची सोयच ठेवलेली नाही.

पण खरा प्रश्न संमतीचा. ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. दुकानदार म्हणेल, ‘नंबर तुम्हीच ठेवलात ना?’ ठेवला, पण कशासाठी? आम्हाला त्यांना फोन करता यावा म्हणून. त्यांनी आमचा नंबर घेतला तो डबा घरपोच करण्यासाठी. संमती ही व्यक्तीला दिलेली नसते, हेतूला दिलेली असते. २०२३च्या आपल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही विशिष्ट हेतूसाठीची संमती मानली आहे, आणि ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे असावे असे म्हटले आहे. या मजकुरात ‘नको’ म्हणायला जागा कुठे आहे?

उरला तो उपद्रवाचा वास. चार दिवसांत तीनदा तोच मजकूर, ‘त्वरा करा’ला पाच उद्गारचिन्हे, आणि वर ‘फॉरवर्डेड’ची खूण! म्हणजे मालकाने तो नव्याने लिहिलाही नाही, दुसरीकडून ढकलला. अशी खूण दिसली की वाचणाऱ्याला आपण ग्राहक नसून यादीतला एक आकडा आहोत, असे वाटते.

आम्ही असे लिहिले असते:

‘नमस्कार. दिवाळी फराळाची नोंदणी सुरू. चकली ५२० रु. किलो, अनारसे ७०० रु. किलो. १० तारखेपर्यंत नोंदवल्यास दोन्हींवर दहा टक्के सूट. हवे असल्यास किती ते कळवा. असे निरोप नको असतील तर “नको” लिहा.’

भाव नमुन्यादाखल आहेत. सगळे एका नजरेत मावते. उत्तर एकट्या दुकानदाराला जाते, यादीतल्या इतरांना दिसत नाही, त्यामुळे ‘नको’ लिहायला कुणी संकोचणार नाही. मात्र ते नाव यादीतून आपोआप जात नाही, हाताने काढावे लागते. आणि यादी एकाहून अधिक असली, तर प्रत्येकीतून.