‘ने’ दिसला म्हणजे क्रियापद सकर्मक?

समजा, एखाद्या कोशात ‘मोडणे’च्या नोंदीत ‘सकर्मक’ या खुणेखाली उदाहरण दिलंय: ‘आंब्यांच्या वजनाने फांदी मोडली.’ वाक्य मराठी म्हणून चोख आहे, पण या जागी ते चुकीचं आहे. कसं ते बघा.

शेजारी ‘माळ्याने फांदी मोडली’ हे वाक्य ठेवा. दोन्हींची ठेवण सारखीच दिसते. आता काळ बदला. ‘माळी उद्या फांदी मोडेल’ यात ‘ने’ गळाला, कारण तो भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला लागला होता. ‘वजनाने उद्या फांदी मोडेल’ यात मात्र ‘ने’ टिकला, कारण तो मोडण्याचं कारण सांगतो. इथे कर्ता फांदीच आहे, म्हणून क्रियापद अकर्मक. उदाहरण त्या खुणेखाली जायला हवं.

पण ‘ने’ नाही म्हणजे अकर्मक, असंही समजू नका. ‘ती मराठी शिकली’ यात ‘ने’ नाही, तरी ‘मराठी’ हे कर्म आहेच. शिकणे, विसरणे अशी मोजकी क्रियापदं सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाहीत. त्यांच्यापुढे नुसती खूण पुरत नाही, भूतकाळातलं उदाहरणही लागतं.

तुम्ही वाक्यं गोळा करत असाल, तर खूण लावण्याआधी प्रत्येक वाक्य एकदा भविष्यकाळात म्हणून बघा.